हमालीचा रकाना कोरा का?

वकिली करताना आमच्या टेबलावर जे कागद येतात, त्यांत सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे ट्रान्सपोर्टची बिल्टी. पातळ, कार्बनने उमटलेला, अर्धा वाचता येणारा. माल पोहोचला की लोक तो खिशात चुरगाळतात किंवा फेकून देतात. पण याच कागदावर एक छोटासा रकाना असतो, 'हमाली'. तो बहुतेक वेळा कोरा असतो, नाहीतर त्यात एक आकडा असतो. हे पैसे कोणी द्यायचे आणि कोणाला मिळायचे, याचा त्यात उल्लेख नसतो. या कोऱ्या रकान्यातून माल पाठवणाराही लुबाडला जातो आणि माल वाहणाराही. आज आम्ही या एका रकान्याबद्दलच लिहिणार आहोत, कारण पाठीवर ओझे वाहणाऱ्यांच्या रांगेत आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नागपूरचा एक तरुण कार्यकर्ता आंबेडकरी साहित्याची पुस्तके छापतो. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर त्याचा स्टॉल असतो. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याने एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ६० खोकी बुक केली. प्रत्येक खोके २५ किलोचे, म्हणजे एकूण वजन १५०० किलो. दर ठरला किलोला ६ रुपये, भाडे झाले ९,००० रुपये. बिल्टीचे १०० रुपये. ट्रकमध्ये माल चढवण्याची हमाली नगामागे १० रुपये, म्हणजे ६०० रुपये. एकूण ९,७०० रुपये त्याने जागेवर भरले आणि बिल्टीवर 'पेड'चा शिक्का घेतला. सगळे पैसे दिले, आता मुंबईत फक्त माल उचलायचा, असे त्या बिचाऱ्याला वाटले.

भिवंडीच्या गोदामात पोहोचल्यावर डिलिव्हरी क्लार्कने सांगितले, उतराई हमाली नगामागे २० रुपये, १,२०० रुपये टाका आणि माल न्या. कार्यकर्त्याने 'पेड'चा शिक्का दाखवला. क्लार्क म्हणाला, "पेड म्हणजे भाडं पेड. हमाली पार्टीची." चैत्यभूमीवर स्टॉल लावायला दोन दिवस उरले होते. वाद घालायला वेळ कुठे होता? त्याने पैसे भरले. मग गोदामातल्या फळीवरून खोकी टेम्पोपर्यंत आणताना तीन खोकी वरून निसटली. दोर तुटला, पुठ्ठा फाटला, बांधणी उसवली, कडा मुडपल्या. २१० पुस्तके विकण्याजोगी राहिली नाहीत. आपल्या हातून असे झाल्याबरोबर ते चार हमाल घाबरून उभे राहिले. क्लार्कने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "हमाल तुमचे, नुकसान तुमचे."

त्या कार्यकर्त्याने दोन गोष्टी शहाणपणाच्या केल्या, आणि त्यांच्याच जोरावर पुढचे सगळे झाले. पहिली, डिलिव्हरीच्या प्रतीवर सही करण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, "३ खोकी उतरवताना फुटली, आतील पुस्तके खराब." कोरी सही दिली असती तर माल सुस्थितीत मिळाल्याची पावती झाली असती. दुसरी, त्याने त्या चार हमालांना विचारले की, तुम्हाला किती मिळाले? उत्तर आले, चौघांत मिळून ३०० रुपये, प्रत्येकी ७५. म्हणजे नगामागे ५ रुपये. पार्टीकडून घेतले २०, हमालाच्या हातात पडले ५. मधले १५ रुपये कोणाच्या खिशात गेले? मुकादमाच्या की कंपनीच्या? ते बिल्टीवर कुठेच नव्हते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. रस्त्याने माल वाहून नेणाऱ्या कंपन्यांसाठी १८६५ चा इंग्रजांचा कॅरियर्स कायदा जाऊन २००७ चा रस्तेमार्ग मालवाहतूक कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. या कायद्यानुसार माल पाठवणाऱ्याने आधी मालाची माहिती देणारी चिठ्ठी भरून द्यायची असते. मालाची किंमत याच चिठ्ठीत लिहायची असते. ती घेतल्यावर वाहतूकदाराने मालाची पावती, म्हणजे ज्याला आपण बिल्टी किंवा एल. आर. म्हणतो ती, तीन प्रतींत द्यायची आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याला द्यायची. पावतीत लिहिलेले वजन, नगांची संख्या आणि इतर तपशील हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणून बिल्टी ही केवळ पोहोच नाही, तो करार आहे. पुढे येणारे भाड्याचे बिल या बिल्टीच्या आधारानेच तयार होते. बिलात बिल्टी क्रमांक, तारीख, ट्रकचा नंबर, कुठून कुठे, किती नग, किती वजन, कोणत्या दराने किती भाडे, आणि मग इतर आकारण्या अशी रांग असते. बिलातला प्रत्येक आकडा बिल्टीवर आहे की नाही, हे जुळवून पाहणे हे पहिले काम.

पण चढाई-उतराईची हमाली कोणी भरायची, याचे उत्तर या कायद्यात नाही. ते करारावर आणि व्यवहाराच्या रूढीवर सोडलेले आहे. आख्खा ट्रक भाड्याने घेतला तर साधारणपणे चढाई पाठवणाऱ्याची आणि उतराई घेणाऱ्याची, अशी रूढी आहे. त्यात ट्रकवाल्याचा हमालीशी संबंध नसतो. किरकोळ माल, म्हणजे अनेक पार्ट्यांचे नग एका ट्रकमध्ये जातात, तेव्हा चित्र बदलते. तिथे माल कंपनीच्या गोदामात जमा होतो, कंपनी ठरवेल त्या ट्रकमध्ये चढतो आणि दुसऱ्या गावी कंपनीच्याच गोदामात उतरतो. त्या गोदामात पार्टीला पाऊलही टाकता येत नाही. हमाल कोण, मुकादम कोण, दर काय, हे सगळे कंपनी ठरवते. मग तो हमाल पार्टीचा कसा?

इथे बिल्टीवरचा शिक्काही नीट समजून घ्यावा लागतो. 'पेड' म्हणजे पाठवणाऱ्याने भरले. 'टू पे' म्हणजे घेणाऱ्याने डिलिव्हरीच्या वेळी भरायचे. 'टी. बी. बी.' म्हणजे नंतर बिल पाठवले जाईल, हे कायमच्या गिऱ्हाइकांसाठी असते. हे तिन्ही शिक्के भाडे कोण भरणार एवढेच सांगतात. शेवटच्या गोदामातली हमाली भाड्यात धरली आहे की नाही, हे वेगळे लिहिले नसेल तर डिलिव्हरी क्लार्कचा शब्द हाच कायदा होतो. 'टू पे'मध्ये तर घेणारा माणूस बुकिंगच्या वेळी हजरच नसतो. त्याच्या गळ्यात वाटेल तो आकडा मारला जातो.

आमच्या कार्यकर्त्याने कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडे पत्र लिहून संपूर्ण बिल मागितले. हिशेबाला लागते म्हणून मागितले, एवढेच त्यात म्हटले होते. बिल आले. भाडे ९,०००, बिल्टी १००, हमाली १,८००. म्हणजे नागपूरचे ६०० आणि भिवंडीचे १,२०० एकत्र करून कंपनीने आपल्याच नावाने, आपल्याच बिलात हमाली आकारली होती. हा कागद हाती आल्यावर आम्हाला दुसरा पुरावा लागला नाही. हमाल पार्टीचे असतील तर कंपनी हमालीचे बिल कसे काढते? आणि हमाली कंपनीची सेवा असेल तर उतरवताना झालेले नुकसान पार्टीचे कसे? पैसे घेताना हमाल कंपनीचा आणि नुकसान झाल्यावर हमाल पार्टीचा, हा दुटप्पीपणा बिलाच्या एका ओळीने उघडा पडला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएसटीच्या परिपत्रकानेही हेच स्पष्ट केले की, वाहतूकदार आपल्या वाहतुकीच्या ओघात चढाई-उतराईची सेवा देत असेल तर ती वाहतूक सेवेचाच भाग समजली जाईल. करासाठी जी गोष्ट एक आहे, ती जबाबदारीसाठी दोन होऊ शकत नाही.

बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात छापले होते, "चढाई-उतराई पार्टीच्या जोखमीवर." अशा छापील ओळींनी लोक घाबरून जातात. पण नुकसानीच्या दाव्यात वाहतूकदाराचा किंवा त्याच्या नोकरांचा हलगर्जीपणा दावेदाराने सिद्ध करण्याची गरज नाही, असे २००७ चा कायदा सांगतो. माल कंपनीच्या ताब्यात होता आणि खराब झाला, एवढे दाखवले की उत्तर देण्याची पाळी कंपनीची असते. मात्र या कायद्याला दोन कुंपणे आहेत आणि ती माहीत नसल्यामुळे चांगले दावे मातीत जातात. पहिले, लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. डिलिव्हरीपासून नव्हे, बुकिंगपासून. आमच्या प्रकरणात ती मुदत २६ मे २०२४ ला संपत होती, आम्ही जानेवारीतच नोटीस पाठवली. दुसरे, भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट असते आणि तीही चिठ्ठीत लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नसते. आमच्या मित्राचे भाडे ९,००० होते, म्हणजे मर्यादा ९०,०००. खराब झालेली २१० पुस्तके ८० रुपयांप्रमाणे १६,८०० रुपयांची, म्हणून मागणी मर्यादेत बसली. पण ६,००० पुस्तकांचा, ४ लाख ८० हजारांचा सगळा मालच गेला असता तर ९०,०००वरच समाधान मानावे लागले असते. त्याहून जास्त संरक्षण हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच जादा जोखमीचा दर भरावा लागतो. किंमतीचा रकाना कोरा सोडणाऱ्याची तर अवस्था त्याहून वाईट होते.

नोटीस गेल्यावर कंपनीने पुस्तकांचे १६,८०० आणि भिवंडीचे १,२०० असे १८,००० रुपये परत केले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. इथे आमच्या अशिलाचे काम संपले. पण आमचे संपले नाही. कारण त्या चार हमालांचे काय?

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारांतले माथाडी लढले, तेव्हा तो आला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. हेच बाबा आढाव पुढे 'एक गाव एक पाणवठा' घेऊन गावोगाव फिरले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ओझ्याचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न एकाच माणसाला दिसला, यात नवल नाही. माथाडी कायद्याची व्यवस्था अशी की, ज्या भागात आणि ज्या धंद्याला योजना लागू आहे, तिथे मालक आणि कामगार दोघांची माथाडी मंडळाकडे नोंदणी होते. हमालाची मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही वेगळी भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या आणि औषधोपचार भागवले जातात. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगवेगळा असतो, पण तत्त्व एकच, लेव्ही मालकाची असते, ती हमालाच्या मजुरीतून कापता येत नाही.

मालक कोण, याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. हमाल ठेकेदारामार्फत लावला असेल तर मुख्य मालक हाच मालक. ठेकेदार नसेल तर त्या आस्थापनेच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण तो मालक. मुकादमाच्या आड कंपनीला लपता येत नाही. आता पुन्हा त्या बिलाकडे बघा. 'हमाली १,८००' ही ओळ ज्या कंपनीने स्वतःच्या बिलात लिहिली, तिनेच आपल्या हाताने कबूल केले की हमालीचे पैसे आपण गोळा करतो. जो कागद पुस्तकवाल्याला १८,००० रुपये देऊन गेला, तोच कागद त्या चार हमालांना मालक दाखवून देतो. म्हणून आम्ही म्हणतो, हा रकाना कोरा ठेवण्यात कोणाचे हित आहे ते ओळखा.

आम्ही त्या चौघांना भेटलो. दोघे मराठवाड्यातले, आपल्याच समाजाचे. एकाचे वय पन्नाशीच्या पुढे, मानेत कायमचा बाक आलेला. त्यांची कुठल्याही मंडळात नोंद नव्हती. हजेरी मुकादमाच्या वहीत, ती वही मुकादमाच्या घरी. आम्ही त्या भागाच्या माथाडी मंडळाकडे अर्ज तयार केला, सोबत बिलाची प्रत जोडली. अर्ज दाखल होण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी सही मागे घेतली. मुकादमाने सांगितले होते, सही केली तर उद्यापासून गोदामात येऊ नका. उरलेल्या दोघांच्या नावाने अर्ज दाखल झाला. त्यांपैकी एकाला खरोखरच काम मिळेनासे झाले. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि ज्यांनी सही मागे घेतली त्यांनाही नाही. रोज संध्याकाळी ७५ रुपये घरी नेणारा माणूस कोणाच्या भरवशावर लढणार? पुस्तकवाल्याचा प्रश्न एका नोटिशीने सुटला, हमालाचा सुटला नाही. हा फरक आम्हाला टोचतो आणि तो तुम्हालाही टोचावा म्हणून हे लिहितो आहोत.

या प्रश्नाची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. ट्रकचालकांकडून 'वाराई'च्या नावाने पैसे उकळण्याचा प्रकार ठिकठिकाणी चालतो. ओझ्याला हात न लावणारे काही बोगस लोक माथाडीच्या नावावर वसुली करतात आणि खरा माथाडी बदनाम होतो. वाहतूकदारांच्या संघटना यावर 'ज्याचा माल त्याचा हमाल' अशी घोषणा देतात. आख्ख्या ट्रकच्या बाबतीत ही घोषणा न्याय्य आहे. चालकही मजूरच आहे, त्याच्या भत्त्यातून हमाली का जावी? पण हीच घोषणा गोदामवाल्या कंपन्या किरकोळ मालाच्या बाबतीत वापरतात, तेव्हा तिचा अर्थ उलटा होतो. तिथे माल कोणाचा यापेक्षा गोदाम कोणाचे आणि हुकूम कोणाचा, हे पाहिले पाहिजे. खरा हमाल ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याच्याकडे मंडळाचे ओळखपत्र असते, टोळीचा क्रमांक असतो आणि मजुरीची नोंद मंडळात असते. हे काहीच नसताना जो पैसे मागतो त्याला पावती मागा.

मग करायचे काय? बुकिंगच्या वेळी बिल्टीवर हाताने चार ओळी लिहून घ्या आणि क्लार्कची सही घ्या. चढाईची हमाली कोण देणार आणि नगामागे किती. उतरणीच्या गोदामातली हमाली भाड्यात धरली आहे की नाही, नसेल तर नगामागे किती. दारापर्यंत माल येणार असेल तर दारातली उतराई कोणाची. आणि चालकाकडून हमाली घेतली जाणार नाही. डिलिव्हरी घेताना हमालीची पावती कंपनीच्या नावाने मागा, कोऱ्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. आणि शेवटी ज्याच्या डोक्यावरून माल आला त्याला विचारा, तुला किती मिळाले? बिल, बिल्टी आणि हमालाचे उत्तर, हे तीन आकडे शेजारी मांडले की चोरी कुठे झाली ते शाळेतल्या पोरालाही कळते.

हे आम्ही इतरांना सांगतो तेव्हा आधी आपल्या घरात डोकावले पाहिजे. जयंतीला मंडप येतो, ध्वनिक्षेपक येतात, खुर्च्यांचे ट्रक येतात. ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांचे, मूर्तींचे टेम्पो येतात. समितीच्या जमाखर्चात 'हमाली व इतर' असा एकच गोल आकडा असतो. त्यातले हमालाला किती आणि 'इतर'ला किती, हे आपण कधी विचारतो का? भाड्यावर घासाघीस करताना वाहतूकदार दोनशे रुपये कमी करतो, तेव्हा ते तो स्वतःच्या नफ्यातून सोडत नाही, हमालाच्या वाट्यातून सोडतो, हे आपल्याला माहीत असते आणि तरीही आपण खूश होतो.

१९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, एप्रिल १९४६ मध्ये, किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले. ज्या माणसाने मजुरीचा आकडा कायद्याच्या कागदावर आणण्यासाठी झगडा केला, त्याची पुस्तके ज्याच्या डोक्यावरून चैत्यभूमीवर पोहोचतात त्या हमालाची मजुरी बिल्टीच्या कोऱ्या रकान्यात गडप व्हावी, हे आपल्याला शोभते काय? येत्या खेपेला माल बुक कराल तेव्हा पेन बाहेर काढा आणि तो रकाना भरा. अर्ज केलेल्या त्या दोन हमालांचे प्रकरण मंडळापुढे आहे, त्याचा पाठपुरावा आम्ही करतोच आहोत. तुमच्या गावच्या गोदामातही असे चारजण असतील. त्यांना एकटे सोडू नका.

जयभीम!